मधेच थांबते

माझा स्वभाव मोजमापाचा आहे. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करून तो आणखी घट्ट झाला. आकडा दिसल्याशिवाय मला कशाचंच समाधान होत नाही. म्हणून माझी मैत्रीण मुलाखतीची तयारी करायला आली, तेव्हा तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं, "गप्पा मारायच्या असतील तर घरी जा. इथे सराव होणार."

"बरं, मास्तरीणबाई," ती म्हणाली.

तिला घरात सगळे कंट्रोल म्हणतात. ॲम्ब्युलन्स बोलावणारे फोन जिथे येतात, त्या कंट्रोल रूममध्ये ती सहा वर्षं होती. चार वर्षांपूर्वी एक दिवस नोकरी सोडली आणि घरी बसली. का सोडली, हे कुणालाच नीट सांगितलं नाही. तेव्हापासून तिने घरातला फोनही उचलला नाही. वाजला की दादाला हाक मारायची, दादा नसला तर वहिनीला. आता त्याच कंट्रोल रूममध्ये जागा निघाली होती आणि वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. पुढच्या वर्षी बसली नसती. दुसरं काही काम करायला ती तयार नव्हती आणि घरी बसून ती दिवसेंदिवस विझत चालली होती. तिचं ते शांत बसणं मला बघवत नव्हतं, हे सरळच सांगते.

माझीही एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत होती, तिच्यानंतर महिनाभराने. त्यामुळे ठरलं असं, की आधी मी तिची घ्यायची, मग तिने माझी.

जागा माझ्या काकांनी दिली. काकांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी ते बंद केलं, पण सामान अजून हललं नव्हतं. भिंतभर आरसे, अक्षरांचा तक्ता, आत डोळे तपासायची छोटी खोली, आणि काउंटरवर फ्रेमी लावून ठेवायची तीन प्लास्टरची डोकी. अर्धं शटर वर करून आम्ही आत शिरायचो. मुलाखत सकाळी अकराची होती, म्हणून सरावही अकरालाच. ज्या वेळी डोकं चालायला हवं, त्याच वेळी ते चालवून बघावं, एवढा साधा हिशेब.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. वीस मिनिटं मुलाखत. तेवढ्या वेळात ओळख दाखवायची नाही, हसायचं नाही, "अगं थांब, परत सांगते" चालणार नाही. चुकलं तर चुकीतून सावरून पुढे जायचं, कारण खऱ्या मुलाखतीत तेच करावं लागतं. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकलेले. मी चिठ्ठी उचलायची आणि प्रश्न दर वेळी वेगळ्या शब्दांत विचारायचा, म्हणजे तिला पाठ केलेलं उत्तर घोकता येणार नाही. एका उत्तराला दोन मिनिटं. फोन रेकॉर्डिंगवर आणि शेजारी स्वयंपाकघरातला टायमर.

वेळ संपली की पाच मिनिटं दोघींनी एकमेकींशी न बोलता आपापला कागद भरायचा. तिने स्वतःला गुण द्यायचे, मी तिला. रकाने पाच: मुद्दा, मांडणी, वेळ, आवाज, नजर. प्रत्येकाला एक ते पाच गुण आणि गुणापुढे पुरावा. "छान बोललीस" असं लिहायला बंदी. कुठलं वाक्य, कुठला शब्द, कितव्या मिनिटाला, तेच लिहायचं. खाली दोन ओळी: एक गोष्ट टिकवायची, एक बदलायची. एकच. दहा चुका एकदम सांगितल्या तर माणूस एकही सुधारत नाही. मग कागद शेजारी ठेवून बघायचे. जिथे तिचे गुण आणि माझे गुण जुळत नाहीत, तिथेच खरी गोम असते.

आणि भिंतीवर अक्षरांच्या तक्त्याशेजारी आमचा एक तक्ता. त्यात कच्चे दुवे. एखादा दुवा लागोपाठ तीन सरावांत दिसला नाही, की त्यावर काट मारायची. पुन्हा दिसला तर पुन्हा चढवायचा.

पहिला दुवा नजरेचा निघाला. समोर तीन माणसं बसणार होती आणि कंट्रोल एकाशीच बोलायची. म्हणून मी त्यातली दोन प्लास्टरची डोकी कामाला लावली. माझ्या दोन्ही बाजूंना, एक तिच्या डावीकडच्या खुर्चीवर, एक उजवीकडच्या. दोघांना चष्मे होतेच.

"हे डावीकडचे साहेब फारच कडक दिसतात गं," कंट्रोल म्हणाली.

"त्यांना पगार मिळत नाही म्हणून," मी म्हटलं. त्या दिवशी आम्ही शेवटचं हसलो असू.

नजर चार सरावांत सुधारली. दुसरा दुवा मात्र चिवट होता. "नोकरी का सोडलीत? मधल्या काळात काय केलंत?" हा प्रश्न निघाला, की ती नीट सुरुवात करायची आणि मधेच थांबायची. अडखळणं वेगळं. अडखळणारा माणूस शब्द शोधतो, त्याचे ओठ हलतात. ही तशी थांबायची नाही. मान किंचित डावीकडे वळायची, डाव्या खुर्चीकडे, आणि ती ऐकायची. थोड्या वेळाने पुढे बोलू लागायची, जणू काही झालंच नाही. कागदावर "वेळ" या रकान्यात ती स्वतःला पाच द्यायची आणि मी दोन. मी विचारलं, "एवढा वेळ गप्प का होतीस?" तर ती म्हणाली, "मी? मी कुठे थांबले?"

मी रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज, मग शांतता, आणि शांततेत ठक. बोटाच्या पेराने लाकडावर वाजवावं तसं. मग तिचा आवाज पुन्हा.

"तुझं पेन," ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. मी तक्त्यावर लिहिलं, "मधेच थांबते." पुढच्या वेळी पेन हातात घेतलंच नाही.

पुढच्या वेळीही वाजलं. तिने त्या दिवशी मोठ्या ठसक्यात वाक्य टाकलं होतं, "कुठलाही कॉल मी अर्धवट सोडला नाही." रेकॉर्डिंगमध्ये त्या वाक्यानंतर ठक ठक, असं दोनदा. खोलीत बसून ते मला ऐकू आलं नव्हतं. शेजारचं टेलरचं दुकान महिनाभर बंद होतं. वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं. मी काकांना फोन करून विचारलं, दुकानात उंदीर आहेत का. काका म्हणाले, "चष्मे खातात का उंदीर?" आणि फोन ठेवला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. भीती वाटली की मी नियम आणखी आवळते. म्हणून मी त्या आवाजाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं आणि तिच्या थांबण्याच्या हात धुऊन मागे लागले.

त्यासाठी उपाय सोपा होता. जिथे गाडी अडते तिथे एक तयार वाक्य ठेवायचं. तिला मी दिलं, "थोडक्यात सांगायचं तर." थांबावंसं वाटलं की हे म्हणायचं आणि पुढे जायचं. घरी आरशासमोर म्हण, भांडी घासताना म्हण. बिचारीने म्हटलं. पहिल्या वेळी थांबली, पण कमी. नंतरच्या तीन सरावांत एकदाही नाही. उत्तरं दोन मिनिटांच्या आत, गुण चार आणि पाच, दोघींचे कागद जुळलेले. रेकॉर्डिंग स्वच्छ. मी स्टुलावर चढून तक्त्यावर जाड काट मारली. मागे वळले तर ती डाव्या खुर्चीकडे बघत होती.

"आवाज कसा वाटतो माझा?" तिने विचारलं.

"फर्स्टक्लास."

"मला तो दुसऱ्या कुणाचातरी वाटतो," ती म्हणाली. मी ते कागदावर लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

मुलाखतीला आठवडा राहिला असताना तिच्या जुन्या सहकारी मैत्रिणीने निरोप धाडला, की यंदा प्रश्नांशिवाय एक प्रात्यक्षिकही आहे. उमेदवाराच्या कानाला हेडफोन लावतात आणि एक कॉल देतात. कधी रडणारी आई, कधी दारुडा, कधी नुसती शांतता. म्हणजे सराव त्याचाही हवा. कंट्रोलने किती वर्षांत फोन कानाला लावला नव्हता, हे मला माहीत होतं. पण तीच म्हणाली, "लाव फोन. कधीतरी उचलावाच लागणार."

मी आतल्या डोळे तपासायच्या खोलीत गेले, दार लावलं आणि तिला फोन केला. ठरलेलं होतं, मी शब्दही बोलायचा नाही.

तिने उचलला. "ॲम्ब्युलन्स सेवा. काय झालंय?" जुना आवाज. मला भरून आलं.

मी गप्प. ती गप्प. मग माझ्या कानात, फोनमध्येच, ठक. मला वाटलं तिने टेबलावर वाजवलं. लगेच तिचा आवाज आला, तो नवा, आम्ही घासून पुसून बनवलेला. "थोडक्यात सांगायचं तर, आपला आवाज येत नाही. कृपया पुन्हा फोन करा." आणि फोन बंद झाला.

मी बाहेर आले. ती खुर्चीवर बसली होती, फोन मांडीवर, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"तू वाजवलंस ना गं?" तिने विचारलं.

"मला वाटलं तू."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. ऐकू येऊनही मी ठेवला. परत ठेवला."

त्या दिवशी वीस मिनिटांचा नियम मी मोडला. शटर खाली ओढलं आणि तिला बोलू दिलं.

असा फोन तिला खरोखर आला होता. पलीकडे कुणी बोलेना. अशा वेळी काय करायचं हे तिला शिकवलेलं होतं. ती म्हणाली, "बोलता येत नसेल तर फोनवर बोटाने वाजवा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा." आणि पलीकडून वाजलं. घरात एकटे आहात का? ठक. श्वास लागतोय का? ठक. फोन कुठल्या इमारतीतून आलाय ते तिला समोर दिसत होतं, मजला दिसत नव्हता. तिसरा? ठक ठक. चौथा? ठक. असं करत तिने ॲम्ब्युलन्सची माणसं दारापर्यंत नेली. सगळा वेळ ती म्हणत होती, "मी आहे. मी फोन ठेवणार नाही." माणसं दाराशी पोहोचली, दार आतून बंद, ती तोडायला लागली. तेव्हा शिफ्टचे प्रमुख म्हणाले, माणसं पोहोचली, लाइन सोड, बाकीचे फोन वाजतायत. नियम तोच होता. तिने विचारलं, "ऐकताय ना?" आणि उत्तर यायच्या आत लाइन सोडली.

"ते माणूस गेलं," ती म्हणाली. "बाई होती की पुरुष, तेही मी विचारलं नाही नंतर. माझं काहीच चुकलं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. पण मी ठेवणार नाही म्हटलं होतं गं."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. ठक ठक म्हणजे नाही. कुठलाही कॉल मी अर्धवट सोडला नाही, ठक ठक. म्हणजे तो आवाज तिच्या वाक्याला उत्तर देत होता. आणि त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जिच्या नोकरीत ऐकत थांबणं हेच सगळं काम, तिचं थांबणं मी कच्चा दुवा म्हणून काढायला निघाले होते. माझ्या कागदावर ती जसजशी पक्की होत गेली, तसतशी ती कंट्रोल रूममधल्या खुर्चीसाठी निकामी होत होती. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि "मधेच थांबते" यावरची काट खोडून ते "टिकवायचं" या बाजूला लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"ते वाक्य विसर," मी म्हटलं. "थोडक्यात वगैरे काही सांगायचं नाही."

शेवटचा सराव मुलाखतीच्या दोन दिवस आधी. आदल्या दिवशी काहीच करायचं नाही, डोकं ताजं ठेवायचं, हे आधीच ठरलेलं. प्रश्न झाले, ठीक झाले. मग तिने स्वतःच फोन समोर ठेवला आणि म्हणाली, "जा आत."

मला जायचं नव्हतं. पण गेले. फोन एका हातात, दुसरा हात मांडीवर पालथा. तो हात मी सगळा वेळ डोळ्यांनी धरून ठेवला होता, कारण उद्या कुणी विचारलं तर मला शपथेवर सांगता आलं पाहिजे.

"ॲम्ब्युलन्स सेवा. काय झालंय?"

शांतता. ती थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. घाई नव्हती त्यात.

"बोलता येत नसेल तर फोनवर बोटाने वाजवा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. कुणी आहे का?"

ठक.

माझा हात मांडीवरच होता.

"एकटे आहात का?"

ठक.

दाराच्या फटीतून मला आरशात तिची पाठ दिसत होती, आणि डाव्या खुर्चीवरचं ते चष्म्याचं डोकं. "मागच्या वेळी मी तुमचं उत्तर ऐकून न घेता ठेवला," ती म्हणाली. आवाज कापरा झाला, पण तुटला नाही. "तुम्हाला राग आहे का माझा?"

एवढी लांब शांतता मी कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकली नव्हती.

ठक. आणि जरा वेळाने, थकल्यासारखं, ठक.

"आता ठेवू का मी?"

ठक.

तिने दुसऱ्या आवाजाची वाट बघितली. मीही बघितली. तो आला नाही.

"ठेवते," ती म्हणाली आणि फोन बंद केला. बाहेर टायमर वाजला. मी आले तेव्हा ती रडत होती, आणि रडत रडत कागद भरत होती, कारण पाच मिनिटांचा नियम माझाच होता. मीही समोर बसून भरला. "बदलायचं" हा रकाना दोघींचा कोरा राहिला.

खऱ्या मुलाखतीत तिला शांततेचाच कॉल दिला. बाकीच्या बऱ्याच जणांनी "हॅलो, हॅलो" करून कापला म्हणे. ही थांबली. बोटाने वाजवायला सांगितलं, आणि हेडफोनमध्ये कुणीतरी सांगितल्याप्रमाणे वाजवलं. ते पॅनेलमधलंच माणूस होतं, तिने नंतर स्वतः पाहिलं. मधली चार वर्षं घरी का बसलात, असं विचारलं तेव्हाही खरं तेच सांगितलं, दोन मिनिटांत. नोकरी मिळाली. तिची वहिनी पेढ्यांऐवजी मला फोन करून म्हणाली, "अहो, आता घरातला फोन ती आम्हाला उचलू देत नाही." मी खूप दिवसांनी मनापासून हसले.

मग माझी पाळी. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला कंट्रोल आली. काकांनी दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं होतं, पण अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. मी उमेदवाराच्या खुर्चीत बसले, ती माझ्या. डोकी जागेवरच होती. वीस मिनिटं छान गेली असं मला वाटलं. मुद्दे आठवले, आवाज बसला नाही, नजर तिघांवर फिरली. कागदावर मी स्वतःला चोख गुण दिले.

तिचा कागद शेजारी ठेवला. "वेळ" या रकान्यात दोन.

"दोन कशाला?" मी विचारलं. मला राग आला होता.

तिने पुराव्याच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: प्रत्येक उत्तरात मधेच थांबते. मान डावीकडे. दोनदा हळूच म्हणाली, "हो, मी आहे."

"मी असं काही म्हटलंच नाही," मी म्हणाले.

तिने रेकॉर्डिंग लावायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. कंट्रोल रूममधल्या माणसाला कधी ऐकायचं आणि कधी नाही ते कळत असावं. ती डाव्या खुर्चीकडे बघत राहिली, बराच वेळ. तिथे काहीच नव्हतं, चष्मा लावलेलं एक प्लास्टरचं डोकं होतं.

"तक्त्यावर चढवू का?" तिने विचारलं. "काढून टाकायचं ना हे?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी उत्तर आलं. ते दोघींनीही ऐकलं. लाकडावर, दोनदा.

कंट्रोलने मान हलवली, पेन उचललं आणि "टिकवायचं" या ओळीत लिहायला लागली.